घाटात वाहने किती सोडावीत? बोरघाटाच्या कोंडीबाबत एक खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ आणि महामार्ग पोलीस, महाराष्ट्र राज्य

विषय : जोडसुट्ट्यांच्या सकाळी पुण्याकडे जाणाऱ्या वाहनांचा घाटातील प्रवेश वाहनांच्या घनतेनुसार नियंत्रित करण्याबाबत

सन्माननीय महोदय/महोदया,

वाहतूक अभियांत्रिकी हा विषय मी पुष्कळ वर्षे शिकवला. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाने माझे येणे-जाणेही असते. शनिवार-रविवारला लागून सुट्टी आली की बोरघाटात काय होते, हे आपणास सांगण्याची गरज नाही. अशा वेळी आपल्याकडे होणारी मागणी बहुधा एकच असते : खालापूरच्या नाक्यावर रांग लांबली की टोल न घेता फाटके उघडा आणि गाड्या सोडून द्या. ही मागणी लोकप्रिय आहे आणि रांगेत उभ्या असलेल्या माणसाच्या दृष्टीने ती रास्तही वाटते. तिच्या नेमके उलट काहीतरी आपण करावे, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र आहे. ती का करतो आहे हे समजण्यासाठी वेग आणि घनता यांचा संबंध थोडा सविस्तर मांडणे भाग आहे.

रस्त्याच्या एका मार्गिकेच्या एक किलोमीटर लांबीत एका क्षणी जितकी वाहने असतील तितकी तिची घनता. रस्त्याकडेला उभे राहून एका तासात समोरून गेलेली वाहने मोजली की मिळतो तो प्रवाह. प्रवाह म्हणजे घनता गुणिले वेग. किलोमीटरभरात २० वाहने असतील आणि ती ताशी ५० किलोमीटरने जात असतील, तर तासाला १००० वाहने आपल्यासमोरून जातील. इथवर नुसता गुणाकार आहे, त्यात वादाला जागा नाही. अडचण अशी की या गुणाकारातल्या दोन संख्या एकमेकींपासून स्वतंत्र नाहीत. वाहने दाटली की पुढच्या गाडीपासूनचे अंतर कमी होते, अंतर कमी झाले की चालकाचा पाय आपोआप ब्रेककडे जातो आणि वेग उतरतो. त्यामुळे घनता वाढवत नेली की प्रवाह काही काळ वाढतो, एका विशिष्ट घनतेला सर्वांत जास्त होतो आणि त्यानंतर घनता वाढली तरी घटत जातो. रस्ता वाहनांनी गच्च भरला की घनता कमाल असते, वेग शून्य असतो आणि म्हणून प्रवाहही शून्य असतो.

हा संबंध प्रत्यक्ष मोजून मांडणारे पहिले महत्त्वाचे काम अमेरिकेतील ब्रूस ग्रीनशील्ड्स यांचे. ओहायो राज्यातील रस्त्यांवर चलचित्र कॅमेरा लावून त्यांनी वाहनांची छायाचित्रे घेतली, त्यांवरून वेग आणि घनता काढली आणि १९३५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांच्या बिंदूंमधून त्यांनी एक सरळ रेषा काढली. रिकाम्या रस्त्यावर ताशी सुमारे ४६ मैल, म्हणजे ७४ किलोमीटर वेग, आणि मैलाला सुमारे १९५ वाहने झाली की वेग शून्य. वेग असा सरळ रेषेत उतरत असेल तर प्रवाहाचा आलेख उलट्या पॅराबोलाचा होतो आणि त्याचे शिखर बरोबर मध्यावर येते, म्हणजे कोंडीच्या घनतेच्या निम्म्यावर आणि मुक्त वेगाच्या निम्म्यावर. विद्यार्थ्यांना हे फार आवडते, कारण लक्षात ठेवायला सोपे आहे. मात्र ग्रीनशील्ड्स यांच्या आलेखात दाट वाहतुकीच्या टोकाला जवळजवळ एकच बिंदू होता आणि तोही दुसऱ्या रस्त्यावरचा होता, ही गोष्ट वर्गात सहसा सांगितली जात नाही.

त्यांच्याच पद्धतीने आपल्या घाटाचे एक ढोबळ गणित मांडून पाहू. घाटात मुक्त वेग ताशी ६० किलोमीटर धरतो. थांबलेल्या रांगेत मोटारी, बस, ट्रक आणि त्यांच्यामधली फट धरून एका वाहनाला सरासरी ८ मीटर जागा लागते असे मानतो, म्हणजे कोंडीची घनता किलोमीटरला १२५ वाहने. हे आकडे मोजलेले नाहीत, उदाहरणासाठी घेतलेले आहेत. तर दर मार्गिकेसाठी वेगाचे सूत्र असे :

v = 60 (1 − k/125)

यात k ही घनता आणि v हा वेग. घनता ४० असताना वेग सुमारे ४१ आणि प्रवाह तासाला १६३२ वाहने येतो. घनता ६२.५ झाली की वेग ३० आणि प्रवाह १८७५, हे शिखर. घनता ९० वर गेली की वेग १७ च्या आत येतो आणि प्रवाह १५१२ वर घसरतो. ११० ला वेग ताशी ७ किलोमीटर आणि प्रवाह ८०० च्याही खाली. घाटात सर्वाधिक वाहने दिसतात तेव्हा घाट सर्वाधिक वाहने वर पोहोचवत असतो, असा आपला सर्वांचा समज असतो. या गणितानुसार ११० घनतेचा खचाखच भरलेला घाट २० घनतेच्या मोकळ्या घाटापेक्षा कमी वाहने पलीकडे देतो.

याच सूत्रातून आणखी एक गोष्ट निघते, आणि नियंत्रण कक्षात बसलेल्या अधिकाऱ्यांसाठी ती सर्वांत उपयोगाची आहे. समजा एका मार्गिकेवरून तासाला १२०० वाहने जात आहेत एवढाच आकडा पडद्यावर दिसतो. हा आकडा दोन परिस्थितींत येऊ शकतो : घनता २५ आणि वेग ४८ असताना, किंवा घनता १०० आणि वेग १२ असताना. पहिल्या परिस्थितीत आणखी वाहने सोडली तर प्रवाह वाढेल. दुसरीत सोडली तर घटेल. केवळ वाहने मोजणाऱ्या यंत्रणेला या दोहोंत फरक करता येत नाही, आणि नाक्यावर होणारी मोजणी तर याच प्रकारची असते. म्हणून निर्णयाचा आधार नाक्यावरची संख्या किंवा नाक्यावरची रांग हा नसावा, तर घाटातली घनता असावी.

आता प्रत्यक्ष जागेकडे येतो. द्रुतगती मार्गाच्या तीन आणि जुन्या महामार्गाच्या दोन, अशा एका दिशेच्या पाच मार्गिकांची वाहतूक आडोशी बोगद्यापाशी एकत्र येते आणि खंडाळ्याच्या बाहेरमार्गापर्यंत तीनच मार्गिकांतून वर चढते. खोपोली ते कुसगाव हा जोडरस्ता, ज्याला सगळे ‘मिसिंग लिंक’ म्हणतात, तो आखण्यामागे हेच मुख्य कारण सांगितले गेले होते. अमृतांजन पुलाचे खांब रस्त्यात होते तेव्हा तिथला अडथळा डोळ्यांना दिसत असे. तो पूल एप्रिल २०२० मध्ये पाडला गेला, पण वाहतूक अडण्याचे ठिकाण म्हणून चालकांच्या तोंडी त्याचे नाव अजून आहे. अडथळा खांबांपेक्षा मार्गिकांच्या संख्येत आणि चढात अधिक होता, हे त्यावरून कळावे.

अशा जागी सुट्टीच्या सकाळी एक ट्रक बंद पडला तर काय होते, हे वरच्याच आकड्यांनी मोजता येते. तीन मार्गिकांवर प्रत्येकी तासाला १८०० वाहने येत आहेत, म्हणजे घनता ५० आणि वेग ३६. कमाल १८७५ असल्याने अजून सारे ठीक चालले आहे. ट्रक बंद पडतो आणि एक मार्गिका अडते. उरलेल्या दोन मार्गिकांतून प्रत्येकी १८०० प्रमाणे ३६०० वाहने पुढे जातात. मागच्या तीन मार्गिकांच्या हिशेबाने हा प्रवाह प्रत्येकी १२०० झाला, आणि या वेळी तो आलेखाच्या वाईट बाजूचा १२०० आहे : घनता १००, वेग १२. मागून १८०० येत आहेत, पुढे १२०० जात आहेत, म्हणजे दर मार्गिकेत तासाला ६०० वाहने साचतात. रांगेचे शेपूट किती वेगाने मागे सरकते हे काढण्यासाठी प्रवाहातील फरकाला घनतेतील फरकाने भागायचे. लाइटहिल आणि व्हिटम यांनी १९५५ मध्ये व रिचर्ड्स यांनी १९५६ मध्ये मांडलेल्या सिद्धान्ताचा हा गाभा आहे. इथे ६०० भागिले ५०, म्हणजे ताशी १२ किलोमीटर.

ट्रक अर्ध्या तासात बाजूला केला, असे धरू. घाटात क्रेन पोहोचवून अर्ध्या तासात मार्गिका मोकळी करणे हे कौतुकाचेच काम म्हणावे लागेल. तोवर शेपूट ६ किलोमीटर मागे गेलेले असते आणि प्रत्येक मार्गिकेत ३०० जास्तीची वाहने साचलेली असतात. आता तिन्ही मार्गिका मोकळ्या आहेत आणि रांग शिखराच्या प्रवाहाने, १८७५ ने, सुटू लागते. पण मागून १८०० येतच आहेत. म्हणजे तासाला निव्वळ ७५ वाहनांचा निचरा होतो. ३०० भागिले ७५, म्हणजे चार तास. रांग हटवण्याची लाट मागे पोहोचायलाही वेळ लागतो, त्यामुळे शेपूट लगेच पुढे येत नाही. ट्रक हटवल्यानंतरही ते मागेच जात राहते आणि साधारण तासाभराने १२ किलोमीटरपर्यंत पोहोचून मग पुढे यायला लागते. सकाळी नऊ वाजता अर्ध्या तासासाठी बंद पडलेल्या ट्रकची आठवण दुपारी दीडपर्यंत रस्त्यावर उरते ती अशी. दुपारी एक वाजता घाटात अडकलेल्या प्रवाशाला पुढे काहीच दिसत नाही, ट्रक नाही, अपघात नाही, आणि मग तो पोलिसांना बोल लावतो.

हे झाले सौम्य गणित. प्रत्यक्षात आणखी एक दुखणे असते. वाहने एकदा रांगेत अडकली की रांगेतून सुटणारा प्रवाह मूळच्या कमाल प्रवाहाइतका राहत नाही, काहीसा कमी होतो. थांबलेला चालक पुढची गाडी हलल्यावर लगेच हलत नाही, मध्ये फट पडते, ती फट भरण्यासाठी शेजारचा आत घुसतो, त्याच्या मागचा पुन्हा ब्रेक लावतो. अनेक देशांतील द्रुतगती मार्गांवरच्या मोजण्यांमध्ये ही घट बहुधा पाच ते पंधरा टक्के आढळते. चढावर तर ट्रकला पहिल्या गिअरमध्ये उभ्यातून हलायचे असते, आणि तासभर क्लच दाबून-सोडून घाट चढलेल्या मोटारींपैकी एखादी वास सोडत कडेला उभी राहते आणि नवी मार्गिका अडवते. दहा टक्के घट धरली तर सुटणारा प्रवाह १८७५ ऐवजी सुमारे १६८८ होतो. मागून येणारे १८०० आहेत. म्हणजे ट्रक हटवला, मार्गिका मोकळी झाली, तरी रांग कमी होणार नाही, उलट दर मार्गिकेत तासाला शंभराहून अधिक वाहनांनी वाढत राहील. ती ओसरेल केव्हा, तर मुंबईहून निघणारेच कमी होतील तेव्हा. ट्रक बंद पडण्यापूर्वी हाच घाट हेच १८०० सहज पेलत होता.

माझी विनंती या ठिकाणी सुरू होते. घाटातील घनता शिखराच्या घनतेच्या किंचित खाली राखावी आणि त्यासाठी जास्तीची वाहने घाटाच्या पायथ्याशी, खालापूरच्या नाक्यावर, थोडी थोडी धरून सोडावीत. ‘किंचित खाली’ याला महत्त्व आहे. शिखराजवळ आलेख सपाट असतो. घनता ६२.५ ऐवजी ५० राखली तर प्रवाह १८७५ ऐवजी १८०० मिळतो, म्हणजे फक्त चार टक्के गमावतो, पण घनतेत वीस टक्के सवड मिळते आणि वेग ३० ऐवजी ३६ राहतो. एखाद्याने उगाच ब्रेक लावला, एखाद्या बसने मार्गिका बदलली, तर ती सवड तो धक्का पचवते. अगदी शिखरावर चालवायला गेलात तर छोट्या धक्क्यानेही वाहतूक पलीकडच्या उतारावर घसरते आणि मग परत वर येत नाही.

यावर आपला अधिकारी म्हणेल की घाटात थांबणे काय आणि नाक्यावर थांबणे काय, प्रवाशाला थांबावे लागणारच. हा आक्षेप अर्धा बरोबर आहे, आणि तो टाळून पुढे जाणे मला योग्य वाटत नाही. रांगेतून सुटणारा प्रवाह घटत नसेल, तर नाक्यावर वाहने धरल्याने एकूण प्रतीक्षा एका मिनिटानेही कमी होत नाही, ती फक्त दुसऱ्या जागी जाते. फायदा होतो तो ही घट टाळल्यामुळे. शिवाय जागेचाही फायदा आहे. तीन मार्गिकांतील ९०० जास्तीची वाहने घाटात साचली की १२ किलोमीटरपर्यंत शेपूट जाते आणि खोपोलीला उतरणारे, ज्यांना घाट चढायचाच नाही तेही त्यात अडकतात. हीच वाहने नाक्याच्या रुंद आवारात, समजा बारा रांगांत, उभी केली तर ८ मीटरच्या हिशेबाने ६०० मीटर पुरतात. पायथ्याच्या सपाटीवर क्लच जळत नाहीत, स्वच्छतागृह जवळ असते, आणि घाटातला रस्ता हलता असल्याने क्रेन व रुग्णवाहिका वर जाऊ शकते. फाटके उघडून टाकल्याने नेमके याच्या उलट घडते. नाका मोकळा दिसतो, त्याचे छायाचित्रही चांगले येते, आणि रांग तिथून उचलून सर्वांत अडचणीच्या जागी नेऊन ठेवलेली असते.

न्यूयॉर्कच्या हडसन नदीखालील बोगद्यांचा अनुभव या बाबतीत पाहण्यासारखा आहे. हॉलंड आणि लिंकन या बोगद्यांत तिथल्या पोर्ट अथॉरिटीच्या संशोधकांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस मोजण्या केल्या. बोगदा म्हणजे मार्गिका बदलता न येणारा आणि पुढे चढ असलेला रस्ता, आपल्या घाटाचा जवळचा भाऊबंद. प्रवेशद्वारापाशी वाहने थोडी रोखून, गटागटाने सोडली असता बोगद्यातून बाहेर पडणारी वाहने वाढतात, असे त्यांना आढळले. बोगद्याच्या आकडेवारीवरूनच हॅरोल्ड ग्रीनबर्ग यांनी १९५९ मध्ये वेग आणि घनता यांचा वेगळा, लॉगॅरिदमचा संबंध मांडला. त्यांच्या सूत्रात कोंडीची घनता मैलाला सुमारे २२८ वाहने होती, आणि सर्वाधिक प्रवाह येत होता तो मैलाला सुमारे ८४ वाहनांना, ताशी १७ मैलांच्या आसपास वेग असताना. म्हणजे शिखर कोंडीच्या घनतेच्या निम्म्यावर नव्हते, ३७ टक्क्यांवर होते. या सूत्रात रिकाम्या रस्त्यावरचा वेग अनंत निघतो, त्यामुळे विरळ वाहतुकीसाठी ते निरुपयोगी आहे. तरी दाट वाहतुकीत त्याचे बिंदूंशी चांगले जुळते.

हे दोन निष्कर्ष शेजारी ठेवण्याचे कारण इतकेच की शिखराची घनता पुस्तकातून उचलता येत नाही. माझा ६२.५ हा आकडा सरळ रेषा गृहीत धरल्यामुळे आलेला आहे. प्रत्यक्ष घाटात तो त्याहून बराच खाली असण्याची शक्यता आहे, कारण सरळ रेषेची कल्पना हे शिखर बहुतेक वेळा जास्त दाट बाजूला दाखवते. पावसात तो आणखी खाली येईल. अवजड वाहनांना बंदी असलेल्या सुट्टीच्या सकाळी तो वर जाईल, कारण एक लांब ट्रक निघून गेला की त्याच्या जागी दोन-तीन मोटारी मावतात. म्हणून सरसकट वाहने न मोजता ट्रक आणि बस यांचे मोटारींच्या तुलनेत भारांक धरून मोजणी करावी. आपल्याकडे पॅसेंजर कार युनिटचा हिशेब अभियंत्यांच्या अंगवळणी आहेच, फक्त चढावरचे भारांक सपाट रस्त्याचे घेऊ नयेत. चढावर भरलेला ट्रक जितकी वाट अडवतो तितकी सपाटीवर अडवत नाही.

घनता मोजायची कशी, हा प्रश्न पूर्वी अवघड होता. हेलिकॉप्टरमधून छायाचित्र घ्यावे लागे. आज या मार्गावर वेगमर्यादेसाठी कॅमेरे लावलेले आहेत आणि दोन कमानींमधला सरासरी वेग काढून त्यावरून चलान धाडले जाते. ज्या यंत्रणेला प्रत्येक गाडी पहिल्या कमानीखालून केव्हा गेली आणि दुसरीखालून केव्हा गेली हे माहीत आहे, त्या यंत्रणेला त्या दोन कमानींमध्ये या क्षणी किती गाड्या आहेत हेही माहीत आहे : आत गेलेल्या वजा बाहेर आलेल्या. त्याला अंतराने आणि मार्गिकांच्या संख्येने भागले की घनता हातात येते. काही गाड्यांच्या पाट्या वाचल्या जात नाहीत आणि ती चूक दिवसभर साठत जाते, म्हणून रोज पहाटे, रस्ता रिकामा असताना, हा हिशेब पुन्हा शून्यापासून जुळवून घ्यावा लागेल.

घनता काढण्याचा दुसरा मार्ग प्रवाहाला वेगाने भागण्याचा आहे. त्यात एक चूक हमखास होते आणि अहवालांमध्ये ती मी अनेकदा पाहिली आहे. एका ठिकाणी मोजलेल्या वेगांची साधी सरासरी घेतली जाते. समजा घाटात निम्मी वाहने ताशी २० ने चढणारे ट्रक आहेत आणि निम्म्या ताशी ६० ने जाणाऱ्या मोटारी. साधी सरासरी ४० येते. पण ट्रक रस्त्यावर तिप्पट वेळ असतो, म्हणून रस्त्याच्या लांबीवर पाहिले तर ट्रकच जास्त दिसतात. इथे हरात्मक मध्य घ्यायला हवा, आणि तो ३० येतो. तासाला १२०० वाहनांचा प्रवाह असेल तर चुकीच्या सरासरीने घनता ३० दिसते, खरी असते ४०. यंत्रणा सांगत राहते की घाटात अजून जागा आहे आणि नाक्यावरचा माणूस गाड्या सोडत राहतो. दोन कमानींमधल्या प्रवासाला लागलेल्या वेळांची सरासरी काढून त्यावरून वेग काढला तर ही चूक आपोआप टळते.

व्यवस्थेबद्दल थोडक्यात लिहितो, कारण ती आपण माझ्यापेक्षा चांगली जाणता. नाक्यापुढे सिग्नल लावून दर काही मिनिटांनी घनता पाहावी. ती ठरवलेल्या आकड्याच्या वर जाऊ लागली की सोडण्याचा दर थोडा कमी करावा, खाली असेल तर थोडा वाढवावा. नाक्यापासून अडथळ्यापर्यंत काही किलोमीटरचे अंतर आहे, त्यामुळे आत्ता केलेल्या बदलाचा परिणाम काही मिनिटांनी दिसेल. तेवढा धीर न धरता दर झपाट्याने वर-खाली केला तर घाटात लाटा उठतील. जुन्या महामार्गावरून येऊन आडोशीपाशी मिसळणारा ओघही या हिशेबात धरावा लागेल, नाहीतर द्रुतगती मार्गावर रोखलेली जागा तो भरून टाकेल. मुंबईकडची वाहिनी थांबवून तिच्यावरून पुण्याकडची वाहने सोडण्याचा उपाय तातडीच्या वेळी उपयोगी आहे, हे मान्य. पण तो घाटमाथ्यावर थांबवलेल्या मुंबईच्या प्रवाशांच्या वेळेवर चालतो, त्यामुळे नेहमीचा उपाय होऊ शकत नाही. मिसिंग लिंकमुळे घाटातला भार हलका होतो, मात्र जुन्या महामार्गाची वाहने घाटातच राहतात आणि दोन्ही वाटा पुढे कुसगावला एकत्र येतात. त्या संगमावर आणि लांब बोगद्यांतही घनतेचा हाच हिशेब ठेवावा लागेल.

माझे म्हणणे तपासून पाहणे सोपे आहे. येत्या एका जोडसुट्टीच्या पहिल्या सकाळी आडोशी ते खंडाळा या टप्प्याची दर पाच मिनिटांची घनता आणि प्रवाह नोंदवून आलेखावर मांडावा, आणि ती आकडेवारी सर्वांसाठी खुली करावी. कोंडी होण्यापूर्वीचे बिंदू चढत जाऊन एका जागी वळले आणि कोंडीनंतरचे बिंदू त्यांच्याखाली पसरले, तर वळणाच्या जागेची घनता हाच नाक्यावरच्या सिग्नलसाठी हवा असलेला आकडा. कोंडी झाल्यावरही खंडाळ्याला बाहेर पडणारा प्रवाह आधीइतकाच राहिला, तर वाहने धरून सोडण्याने प्रवाशांचा वेळ वाचणार नाही आणि ही विनंती बाजूला ठेवण्यास माझी हरकत नसेल. ही तुलना करताना मात्र खंडाळ्यापलीकडची रांग मागे घाटात आलेली नाही ना, हे पाहून तेवढ्या वेळेचे बिंदू वगळावेत. लोणावळ्याच्या बाहेरमार्गावरची गर्दी मागे आली तर घाट पूर्ण क्षमतेने चालत असूनही प्रवाह कमी दिसेल.

कळावे,
आपला,
वाहतूक अभियांत्रिकीचा एक निवृत्त अध्यापक